बाणाखाली दिशा शब्दांत लिहा

तारेभोवती चार वर्तुळे काढली, त्यातल्या एकावर बाण काढला, की चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगून झाली असा आपल्या वर्गांत समज आहे. मला तो मान्य नाही. ज्या आकृतीखाली दिशा शब्दांत लिहिलेली नाही, तिला पूर्ण गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. कॅडेट्सना हे पटायला हरकत नाही. वायरलेसवर आकृती पाठवता येत नाही, आणि कोणी नुसते "टारगेट उजवीकडे" म्हणाला, तर पलीकडून लगेच विचारणा होते: कोणाच्या उजवीकडे?

पट्टीचुंबकापासून सुरुवात करू. कागदावर लोखंडाचा कीस टाकून टिचकी मारली की बलरेषांचा आकार दिसतो, पण दिशा दिसत नाही. कीस दोन्ही ध्रुवांपाशी सारखाच गोळा होतो. दिशा सांगते ती छोटी होकायंत्राची सुई: तिचे उत्तर टोक जिकडे वळेल ती क्षेत्राची दिशा. म्हणून उत्तर असे लिहावे: "चुंबकाच्या बाहेर रेषा उत्तर ध्रुवातून निघून दक्षिण ध्रुवाकडे जातात, चुंबकाच्या आत त्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊन पूर्ण होतात." दुसरा अर्धा भाग बहुतेक वह्यांत नसतो, आणि असला तर आतला बाण उलटा असतो. वाक्य लिहायला बसल्यावर ही चूक आपोआप समोर येते. बाण काढताना ती तशीच निसटून जाते.

तारेच्या बाबतीत "घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने" हे आवडते उत्तर. ते अर्धेच आहे. प्रवाह तुमच्यापासून दूर जात असेल तर वर्तुळे घड्याळाच्या दिशेने दिसतील. तारेच्या दुसऱ्या टोकाशी उभ्या असलेल्या तुमच्या मित्राला तीच वर्तुळे उलटी दिसतील. दोघेही बरोबर आहेत. म्हणून कुठून पाहिले ते लिहायलाच हवे, नाहीतर चक्क पूर्व-पश्चिम सांगावे.

एक उदाहरण पुरे सोडवू. टेबलावर होकायंत्र आहे. त्याच्या 1 सेंटिमीटर वरून, दक्षिणोत्तर अशी, लांब सरळ तार गेली आहे. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे, 2 अँपिअर. उजव्या हाताचा अंगठा उत्तरेकडे करून तार मुठीत धरल्याची कल्पना करा. बोटे तारेच्या वर पूर्वेकडे जातात आणि खाली पश्चिमेकडे. होकायंत्र तारेखाली आहे, म्हणून तिथे तारेचे क्षेत्र पश्चिमेकडे. त्याचे मूल्य 40 मायक्रोटेस्ला येते, आणि रायपूरला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भागही साधारण तेवढाच, पण उत्तरेकडे. दोन्ही सारखे, म्हणून सुईचे उत्तर टोक जवळपास वायव्येला थांबते. ते ईशान्येला गेले असे तुमचे उत्तर आले, तर बहुधा उजव्या हातात पेन्सिल होती आणि नियम डाव्या हाताने लावला! हेच होकायंत्र तारेच्या वर ठेवले, तर मात्र ईशान्य हेच बरोबर उत्तर. आकृतीतल्या एका बाणावरून हा फरक किती जणांना सांगता येईल?

तार 10 सेंटिमीटर वर नेली, तर सुई जेमतेम 6 अंश हलते. हे थोडे वाटते, पण त्या बेअरिंगवर एक किलोमीटर चाललात तर सुमारे 100 मीटर बाजूला पोहोचाल. कोणत्या बाजूला, हे कळण्यासाठी पुन्हा दिशाच हवी.

तारेच्या क्षेत्राचा हा त्रास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने ओळखला होता. तिथे 1840च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. शहरात विजेच्या ट्रामा येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात मोजणी अलिबागला हलवण्यात आली. 1904 पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही ठिकाणची मापे जुळवता यावीत म्हणून सुमारे दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकदमच नोंदी घेतल्या गेल्या. ट्रामा 1907 साली धावल्या.

आता आपल्या रायपूर स्टेशनात रुळांवरची तार पाहा. तिच्यात 25 किलोव्होल्टचा, 50 हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. तिच्याखाली क्षेत्र पूर्वेकडे की पश्चिमेकडे, असा प्रश्न आला तर कुठलीही एक दिशा सांगणे चूक. "दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते, आणि सुई तिच्यामागे वळू शकत नाही," हे उत्तर. तरीही तिथे बेअरिंग घेऊ नका. सुई तारेमुळे नाही हलली, तरी रुळांच्या लोखंडामुळे हलते.