घर कोणाच्या नावावर आहे, मोनिका?

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा टीम आउटिंग होतं आणि त्यात 'फ्रेंड्स'ची क्विझ ठरलेली असते. मागच्या वेळचा एक प्रश्न असा होता : फीबीच्या फ्लॅटला आग लागल्यावर रेचल कोणाकडे राहायला गेली? मी हात वर केला. आधी मोनिकाकडे, मग फीबीशी अदलाबदल करून जोईकडे. टाळ्या पडल्या, चॉकलेट मिळालं.

कोण कुठे राहतं आणि कोणाबरोबर, हे मला दहाही सीझनचं पाठ आहे. पण या क्विझमध्ये एक प्रश्न कधीच विचारला जात नाही आणि माझं भांडण त्यावरूनच आहे. ते घर कोणाच्या नावावर होतं?

आधी एक घिसापिटा आक्षेप बाजूला ठेवतो. 'एका शेफला आणि एका वेट्रेसला मॅनहॅटनमध्ये एवढा मोठा फ्लॅट परवडेलच कसा?' हे म्हणणाऱ्यांना आपण फार मोठी चोरी पकडली असं वाटतं. मालिकेने त्याचं उत्तर स्वतःच दिलेलं आहे. फ्लॅट मोनिकाच्या आजीचा, भाडं जुन्या नियंत्रणातलं. न्यूयॉर्कमध्ये हे भाडेनियंत्रण साधारणपणे फेब्रुवारी 1947 पूर्वी बांधलेल्या इमारतींना लागू होतं, आणि तेही भाडेकरू किंवा त्याचा कायदेशीर वारस जुलै 1971 च्या आधीपासून तिथे सलग राहत असेल तर. आपल्याकडे गिरगावात पागडीच्या खोलीत राहणारी आजी असते ना, तसंच समजा. आजी त्या वयाची आहे, इमारतही तशी जुनी दिसते. हिशोब जुळतो.

जुळत नाही ते पुढचं. नातीला असं घर पुढे चालवता येतं, पण त्यासाठी आजी घर सोडायच्या आधीची किमान दोन वर्षं ती आजीबरोबर त्याच घरात राहत असायला हवी. मोनिकाचं तसं काही दिसत नाही. आजी फ्लोरिडाला गेली, कागदावर नाव आजीचंच राहिलं आणि नात गुपचूप राहायला आली. चौथ्या सीझनमध्ये रेचल कचऱ्याच्या नळीत पिझ्झाचा खोका कोंबते, इमारतीचा सुपरिंटेंडंट ट्रीगर तिला रडवतो, जोई त्याला जाब विचारायला जातो. तेव्हा ट्रीगर शांतपणे सांगतो की तुमच्या मैत्रिणी बेकायदा राहतात, मी मालकाला कळवू शकतो. शेवटी जोईला त्याच्याबरोबर बॉलरूम डान्सचा सराव करावा लागतो आणि प्रकरण मिटतं. आपण हसतो.

मी आता त्या भागाला हसत नाही. दहा वर्षांच्या मालिकेत बहुधा याच भागात मैत्रीखालची जमीन नीट दिसते. चूक रेचलची, धोका मोनिकाच्या घराला आणि कागदावर दोघींपैकी कोणीच नाही. मोनिकाकडे निदान आजी तरी आहे. रेचलकडे फक्त मोनिका आहे.

'रूममेट' या शब्दालाही एक कायदेशीर इतिहास आहे. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी भाडेकरारात 'भाडेकरू आणि त्याचे जवळचे कुटुंबीय' एवढ्यांनाच राहता येईल, अशी अट घालता यायची. लग्न न करता पुरुषाबरोबर राहणाऱ्या एका बाईविरुद्ध घरमालक कोर्टात गेला आणि 1983 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने मालकाची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी विधिमंडळाने रूममेट कायदा केला. एकट्या भाडेकरूला कुटुंबाशिवाय आणखी एक माणूस ठेवता येईल, मग त्या दोघांचं नातं काहीही असो. म्हणून 1994 मध्ये लग्नाच्या पोशाखात पळून आलेल्या रेचलला मोनिकाकडे राहण्यासाठी कोणाची बहीण व्हावं लागलं नाही.

पण या कायद्याने रूममेटला घर दिलं नाही. रूममेटला राहता येतं ते भाडेकरूच्या हक्काच्या आडोशाने. भाडेकरू गेला की आडोसा गेला. आता रेचलचे पत्ते क्विझसारखे न मोजता सलग वाचा. मोनिकाचं घर. मग मोनिकाने पैजेत ते घर लावलं आणि हरली, म्हणून समोरचा मुलांचा फ्लॅट. मग परत मोनिकाचं. सहाव्या सीझनमध्ये चँडलर राहायला येणार म्हणून तिथून बाहेर, फीबीकडे. तिथे आग, मग जोईकडे. बाळंतपणाच्या आधी रॉसकडे. भांडण झाल्यावर बाळाला घेऊन पुन्हा जोईकडे. प्रत्येक ठिकाणी घर आधीच दुसऱ्या कोणाचं तरी आहे आणि रेचल त्यात सामावली आहे. चँडलर येणार हे मोनिका सांगते, तेव्हा रेचलला आधी वाटतं की आपण तिघं एकत्र राहणार. तो गैरसमज विनोद म्हणून लिहिलाय. घर ज्याचं त्याला असा गैरसमज कधीच होत नाही.

कोणी म्हणेल, अरे, कॉमेडी आहे, भाडेकरार कशाला वाचतोस? कॉमेडीला हा प्रश्न जड जातो, हे मला मान्य नाही. 'थ्रीज कंपनी' ही अमेरिकन मालिका 1977 ते 1984 आठ सीझन चालली, ती याच प्रश्नावर. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला दोन मुलींच्या घरात जॅक नावाचा मुलगा राहायला येतो. मालक मिस्टर रोपर यांना ते चालणार नाही, म्हणून जॅक समलिंगी आहे असं सांगितलं जातं. मिसेस रोपरना खरं माहीत असतं. नवऱ्याला मात्र त्या बोलत नाहीत. त्यातले समलिंगी माणसांवरचे विनोद आज बघवत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण ती मालिका एका बाबतीत 'फ्रेंड्स'पेक्षा प्रामाणिक होती. तिथे मालक जिन्यात भेटतो, दार वाजवतो, कोण राहतं विचारतो आणि उत्तर द्यावं लागतं. 'फ्रेंड्स'मध्ये दार कायम उघडं असतं आणि आत येणारा फक्त फ्रिज उघडतो.

आमच्या पिढीने ते उघडं दार पाहिलं. 2015 मध्ये झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' लागली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. सहा जण, मुलं-मुली एकत्र, मुंबईतल्या फ्लॅटचं नाव 'माजघर'. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवताना आम्ही ठरवून टाकलं होतं की नोकरी लागली की आपलंही माजघर. नोकरी लागली. पुण्यात टू-बीएचके मिळाला. मी, कॉलेजचा एक मित्र आणि आमची एक मैत्रीण.

ब्रोकर म्हणाला, "ॲग्रीमेंट एकाच्याच नावावर करा, सोपं पडतं." अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला आणि अंगठा दिला मी एकट्याने. डिपॉझिट तिघांनी सारखं भरलं, पण गेलं माझ्या खात्यातून. मग सोसायटीचा फॉर्म आला. राहणाऱ्यांची नावं आणि नातं. मित्रापुढे मी 'मित्र' लिहिलं. तिच्या नावापुढे आधी 'चुलत बहीण' लिहिणार होतो. तीच म्हणाली, "आडनाव वेगळंय, गाढवा. आतेबहीण लिही." आम्ही तिघंही खूप हसलो. आपलाच एखादा एपिसोड चाललाय असं वाटलं.

सात महिने निभावलं. राखीपौर्णिमेला सेक्रेटरींच्या मिसेसनी "राखी नाही का बांधली?" असं विचारलं, तेव्हा संध्याकाळी तिने मला खरंच दोरा बांधला आणि ओवाळणी म्हणून पिझ्झा उकळला. मग एका रविवारी तिचे बाबा आले. लिफ्टमध्ये सेक्रेटरी काका भेटले. त्यांनी माझ्याकडे बघत अगदी आपुलकीने विचारलं, "म्हणजे तुम्ही याच्या आत्याचे मिस्टर!" बाबा आधी हसले, मग माझ्याकडे बघत राहिले. मला वर जाईपर्यंत एक शब्द सुचला नाही.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. "तिला जाऊ दे, नाहीतर तिघंही निघा." मी काय केलं? मी म्हणालो, "सांगतो तिला." भांडलो नाही, मुदत मागितली नाही. मित्र गप्प बसला, कारण मी गप्प होतो. ती सामान भरताना एवढंच म्हणाली, "ॲग्रीमेंटवर माझं नाव घालायला काय झालं होतं रे?" आठवड्याच्या आत ती पीजीत गेली. तिच्या वाट्याचं डिपॉझिट मालक मुदत संपल्याशिवाय देणार नव्हते आणि माझ्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. तिला ते चार महिन्यांनी मिळाले. त्या चार महिन्यांत तिने एकदाही मागितले नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

तिचं नाव करारावर असतं तर सोसायटी सुधारली नसती. पण मालकांना नोटिशीची मुदत तिलाही द्यावी लागली असती, डिपॉझिटवर तिचा हक्क कागदावर दिसला असता आणि 'तिला जाऊ दे' हे वाक्य मला एकट्याला फोनवर सांगून भागलं नसतं. मुळात मालकांनी हो म्हटलं असतं की नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण 'नाही' आलं असतं तर माझा फ्लॅट गेला असता. तिचं घर कधी जाईल याचा भरवसा नसणं मला चाललं.

म्हणून सिटकॉमवर माझा आरोप मोठ्या फ्लॅटचा नाही. आरोप हा की त्यांनी आम्हाला एकत्र राहणं म्हणजे किल्ल्या वाटणं असं शिकवलं. 'फ्रेंड्स'च्या शेवटच्या भागात रिकाम्या घराच्या ओट्यावर सहाही जण आपापली किल्ली ठेवतात आणि सगळे रडतात. आपण सगळेच कधी ना कधी इथे राहिलो, असं तिथे बोललं जातं. खरंच आहे. पण किल्ली कोणालाही करून मिळते, दहा मिनिटांत, कोपऱ्यावरच्या दुकानात. माझ्याकडे तिची किल्ली अजून आहे. जाताना तिनेही ती ओट्यावरच ठेवली होती. तेव्हा कोणी रडलं नाही. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, कारण पुढच्या महिन्यापासून तिच्या खोलीचं भाडं भरायला मला नवीन माणूस शोधायचा होता.

पुढच्या आउटिंगला क्विझ मी घेणार आहे. प्रश्न एकच असेल, आणि तो 'फ्रेंड्स'वर नसेल. तुमच्या फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर किती नावं आहेत आणि घरात चपला किती जणांच्या?