परतलेले गिऱ्हाईक कोणाच्या खाती जमा करावे?

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरची तरुण मंडळी आता पेढीचा माल संकेतस्थळावरून थेट ग्राहकास विकू लागली आहेत. डाळी, ज्वारीचे पीठ, मसाले, सुका मेवा अशा जिनसांची पाकिटे बांधून ती कुरिअरने दूरदूरच्या गावी जातात. या व्यवहारात एक खर्चाची बाब अशी आहे की, जिचा हिशेब कागदावर नेहमीच फायद्याचा दिसतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही. ती बाब म्हणजे, माल निवडून तो न घेताच निघून गेलेल्या ग्राहकास माघारी बोलाविणारी जाहिरात. तिला या धंद्यात रिटार्गेटिंग म्हणतात. तिच्यावर खर्च करूच नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु एजन्सीने पाठविलेल्या तक्त्यावर विसंबून तो खर्च वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे मी येथे मांडीत आहे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहू. ग्राहक संकेतस्थळावर येतो, दोन किलो तूरडाळ व एक किलो पोहे कार्टमध्ये टाकतो आणि पैसे न भरता निघून जातो. पुढे तो दुसरीकडे बातम्या वाचीत असता किंवा फेसबुक पाहत असता तीच तूरडाळ त्याच्यापुढे पुन्हा मांडली जाते. त्यानंतर त्याने ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर ती विक्री जाहिरातीच्या खाती जमा होते. एजन्सीशी पुष्कळदा ठरलेला नियम असा असतो की, जाहिरातीवर बोट दाबल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती दृष्टीस पडल्यापासून एका दिवसात जी खरेदी होईल, ती जाहिरातीमुळे झाली असे धरावे.

या नियमातच सारी मेख आहे. कार्ट सोडून गेलेला प्रत्येक ग्राहक काही हातचा गेलेला नसतो. कोणी केवळ वाहतूक खर्च किती लागतो हे पाहण्यासाठी माल टाकून ठेवतो. कोणास घरी विचारावयाचे असते, कोणी पगाराच्या तारखेची वाट पाहतो, तर कोणाच्या मोबाइलवर पैसे भरण्याचा संदेश वेळेवर येत नाही. यांतील पुष्कळजण त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत आपण होऊन परत येतात. जाहिरातही नेमकी याच मंडळींच्या मागे आणि याच दिवसांत धावत असते. म्हणून ज्याचे पाऊल आधीच दुकानाकडे वळले आहे, त्याच्या हाती वाटेत चिठ्ठी द्यावी आणि त्याने केलेल्या खरेदीवर दलाली मागावी, असा हा प्रकार होतो. आपल्या बाजारात एखाद्या दलालाने जुन्या गिऱ्हाइकास पेढीच्या पायरीवर गाठून त्याच्या सौद्याची दलाली मागितली, तर आपण ती देऊ काय?

सौदा दलालीचा की पेढीचा, हे तक्त्यावरून कळत नाही. ते कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे. कार्ट सोडून जाणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे, एकास जाहिरात दाखवावयाची, दुसऱ्यास मुळीच दाखवावयाची नाही, आणि दोहोंकडील खरेदी मोजावयाची. न दाखविलेल्या गटास होल्डआउट, म्हणजे राखीव गट, असे म्हणतात. राखीव गटाने जेवढी खरेदी केली, तेवढी जाहिरातीवाचूनही झालीच असती. त्याहून अधिक जी झाली, तेवढीच जाहिरातीची खरी कमाई.

माझ्या पुतण्याच्या दुकानात ही कसोटी आठ आठवडे लावून पाहिली. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे किंचित गोल करून देतो. त्या मुदतीत 8,000 जणांनी कार्ट सोडली. संकेतस्थळ प्रत्येक आगंतुकाच्या यंत्रास जो क्रमांक देते, त्यावरून यदृच्छेने निम्मे इकडे व निम्मे तिकडे केले. जाहिरातीच्या 4,000 जणांपैकी 440 जणांनी कार्ट सोडल्यापासून चौदा दिवसांत खरेदी केली. राखीव 4,000 जणांपैकी, ज्यांना एकही जाहिरात दाखविली नव्हती, 380 जणांनी केली. म्हणजे अंतर 60 मागण्यांचे.

आता याच आठ आठवड्यांचा एजन्सीचा तक्ता पाहा. तीत जाहिरातीच्या खाती 300 मागण्या जमा होत्या. सरासरी मागणी 900 रुपयांची, म्हणून विक्री 2,70,000 रुपये. खर्च मेहनतान्यासह 27,000 रुपये. एका रुपयास दहा रुपयांची विक्री! हा तक्ता पाहून जाहिरातीचा खर्च दुप्पट करावा, असा एजन्सीचा आग्रह होता. आणि तिचा मेहनताना खर्चाच्या प्रमाणात ठरलेला होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खोटा आकडा तिने एकही लिहिला नव्हता. तीनशे जणांनी जाहिरात पाहिली होती आणि त्यांनी खरेदीही केली होती. फक्त त्यांतील सुमारे 240 जण जाहिरातीवाचूनही आलेच असते.

साठ मागण्यांची विक्री 54,000 रुपये होते. सर्व खर्च वजा जाता या मालात शेकडा वीस सुटतात, म्हणजे दर मागणीमागे 180 रुपये. साठांचे झाले 10,800. त्यासाठी वेचले 27,000. दहापट दिसणाऱ्या व्यवहारात 16,200 रुपयांची खोट निघाली.

येथे एक शंका योग्य आहे. एकाच राशीतून दोनदा वानगी काढली, तरी दोहोंतील खड्यांची संख्या तंतोतंत सारखी भरत नाही. मग हे साठांचे अंतर निव्वळ योगायोगाचे कशावरून नसेल? एवढ्या मोठ्या गटांत योगायोगाला किती वाव असतो, याचे गणित शास्त्रकारांनी बसविलेले आहे. त्या रूढ गणिताप्रमाणे खरे अंतर सुमारे 6 पासून 114 पर्यंत कोठेही असू शकते. ही व्याप्ती फार मोठी आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु 114 धरले तरी सुटणारी रक्कम 20,520 रुपयेच होते, आणि खर्च तिच्याहून अधिकच राहतो. म्हणून निर्णयापुरता हा पुरावा पुरेसा ठरला. हीच कसोटी आठशे जणांवर घेतली असती, तर तिच्यातून काहीच निष्पन्न झाले नसते. ज्यांचे दुकान लहान आहे, त्यांनी ती अधिक महिने चालवावी.

कसोटी बिघडविणाऱ्या दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली अशी की, जाहिरातीच्या गटातील सर्वांना जाहिरात दिसतेच असे नाही. कित्येकजण त्या दिवसांत इंटरनेटवर फिरकतही नाहीत. अशा वेळी ज्यांना ती दिसली तेवढेच निवडून त्यांची तुलना सर्व राखीव गटाशी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. जो मनुष्य इंटरनेटवर अधिक वावरतो तो खरेदीही अधिक करतो, आणि त्याचे श्रेय पुन्हा जाहिरातीस मिळते. जाहिरात दिसो वा न दिसो, पूर्ण गटाची पूर्ण गटाशीच तुलना करावी. दुसरी गोष्ट अशी की, एकच ग्राहक मोबाइलवर राखीव गटात आणि घरच्या संगणकावर जाहिरातीच्या गटात पडू शकतो. त्यामुळे खरे अंतर थोडे झाकले जाते. जेथे ग्राहक आपला फोन क्रमांक देऊन प्रवेश करतो, तेथे त्या क्रमांकावरून गट पाडल्यास हा दोष कमी होतो. ई-मेल वा व्हॉट्सअॅपवरून स्मरणपत्रे जात असतील, तर ती दोन्ही गटांस सारखीच जावीत. अन्यथा आपण कशाची कसोटी घेत आहोत, हेच कळेनासे होते.

या जाहिराती निरुपयोगी असतात, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमेयर या संशोधकांनी 2017 साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’ या नियतकालिकात एका ऑनलाइन विक्रेत्याच्या रिटार्गेटिंगची अशीच कसोटी प्रसिद्ध केली. राखीव गटातील कोणास कोणत्या क्षणी जाहिरात दिसली असती, याची नोंद ठेवून त्यांनी सारख्यास सारखे तोलले, आणि वर सांगितलेला पहिला दोष त्यामुळे मुळातच दूर झाला. त्यांस संकेतस्थळाच्या भेटी 17.2 टक्के व खरेदी 10.5 टक्के वाढलेली आढळली. म्हणजे परिणाम खरा होता. पण जाहिरात पाहिलेल्यांच्या दर शंभर खरेद्यांपैकी नव्वद तिच्यावाचूनही झाल्या असत्या. तेव्हा प्रश्न परिणामाचा नसून त्यासाठी मोजलेल्या किमतीचा आहे.

किंमत कोठे परवडते, याचा मागही आमच्या हिशेबात थोडासा लागला. दोन्ही गटांत 1,500 जुने ग्राहक व 2,500 नवे होते. जुन्यांपैकी जाहिरातीच्या गटात 255 व राखीव गटात 247 जणांनी खरेदी केली. अंतर अवघे आठ. नव्यांत हेच आकडे 185 व 133 होते, अंतर बावन्न. नव्यांच्या वाट्याचा खर्च माणसागणिक वाटला तर सुमारे 16,875 रुपये होतो, म्हणजे एक वाढीव ग्राहक मिळविण्यास जवळजवळ 325 रुपये पडतात. पहिल्या मागणीत 180 सुटतात. त्याने आणखी एकदा माल नेला तर 360 होतात व खर्च भरून निघतो. गट लहान झाल्यामुळे या आकड्यांवर फार भार देता येत नाही. परंतु जुन्या ग्राहकांच्या मागे लागणे थांबवावे आणि नव्यांपुरती जाहिरात ठेवून हे बावन्न जण पुन्हा येतात की नाही ते वर्षभर पाहावे, एवढे ठरविण्यास ते पुरे आहेत. पुतण्याने तसेच केले आहे.

माझी सूचना अशी की, ज्या सभासदांची मुले हा खर्च करीत आहेत, त्यांनी शेकडा दहा जण तरी कायमचे राखीव ठेवण्याची अट एजन्सीच्या करारात घालावी, त्या गटाची नोंद आपल्याच वहीत ठेवावी आणि मेहनताना एकूण खर्चावर न देता दोन गटांतील अंतरावर ठरवावा. या अटीस जी एजन्सी राजी होणार नाही, तिचा तक्ता कितीही सुबक असला, तरी त्यावर एक रुपयाही वाढवू नये.