आकडा चुकला, पैसे गेले

समजा, खामगावच्या अडत्याने मेहकरच्या शेतकऱ्याला सोयाबीनचे ४८,००० रुपये एनईएफटीने पाठवले, पण खाते क्रमांकात ६९ च्या जागी ९६ पडले. वर नाव शेतकऱ्याचेच लिहिले होते, हा बचाव चालत नाही. बँक पैसे जमा करते ती खाते क्रमांक पाहून. अडत्याने धाव घ्यायची ती आपल्याच शाखेत, समोरच्या बँकेत नव्हे. अर्जात ‘पैसे चुकून गेले’ एवढेच लिहून भागत नाही. तारीख, वेळ, रक्कम, आपले खाते, चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही खाते क्रमांक, आयएफएससी आणि मुख्य म्हणजे १६ अक्षरांचा यूटीआर हवा. त्यावरूनच दुसरी बँक नोंद शोधते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, तोंडी आश्वासनावर माझा तरी भरवसा नाही. मात्र खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून रक्कम सहसा काढत नाही. तो अडून बसला, तर भारतीय करार कायद्याचे कलम ७२ आहे: चुकून मिळालेले पैसे परत करणे त्याला बंधनकारक आहे. तिथून पुढे वाट वकिलाच्या नोटिशीची आणि दिवाणी न्यायालयाची.