विश्लेषण : चॅटबॉटच्या उत्तरात मध्येच तारे आणि उभ्या रेघा का दिसतात?

चॅटजीपीटीसारख्या एआय चॅटबॉटला प्रश्न विचारला की उत्तर शब्दाशब्दाने पडद्यावर उमटू लागते. एखादा शब्द आधी `**` अशा ताऱ्यांसह दिसतो आणि क्षणात ठळक होतो. तक्ता यायचा असेल, तर आधी नुसत्या उभ्या रेघा दिसतात. तेच उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आले, तर काही तारे तसेच राहून जातात. मजकूर एकच असूनही असे का होते, आणि यातून वाचणाऱ्याची फसगत कशी होऊ शकते, याचा आढावा.

उत्तर तुकड्यातुकड्याने का येते?

एआय मॉडेल उत्तर एकदम लिहीत नाही. ते शब्दांचे छोटे तुकडे एकामागून एक तयार करते. या तुकड्यांना ‘टोकन’ म्हणतात. मोठे उत्तर पूर्ण व्हायला २० सेकंद लागणार असतील, तर तेवढा वेळ कोरा पडदा दाखवण्याऐवजी तयार झालेला तुकडा लगेच पाठवला जातो. याला ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि मग ते एकगठ्ठा पाठवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरील बँकांचे किंवा सरकारी सेवांचे बॉट साधारणपणे असेच पूर्ण संदेश पाठवतात.

तारे आणि रेघा कुठून येतात?

मॉडेल ठळक अक्षर किंवा तक्ता थेट काढू शकत नाही. ते फक्त खुणा लिहिते. त्या खुणांच्या पद्धतीला ‘मार्कडाउन’ म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती मांडली, तेव्हा लेखक आधी पूर्ण मजकूर लिहील आणि मग संगणक त्याचे वेबपान बनवेल, असे गृहीत होते. म्हणूनच मार्कडाउनमधील बऱ्याच खुणांचा अर्थ पुढचा मजकूर आल्याशिवाय कळत नाही. `**` ही खूण ठळक अक्षरांची सुरुवात आहे की नुसते दोन तारे, हे बंद करणारी `**` आल्यावरच ठरते. स्ट्रीमिंगमध्ये नेमका तो पुढचा मजकूर अजून लिहिला गेलेला नसतो.

प्रत्यक्षात काय बिघडते?

समजा, एखाद्याने पीपीएफ आणि बँकेतील मुदत ठेव यांची तुलना विचारली. उत्तरात आधी एक ओळ आणि तिच्याखाली फायद्यांची यादी येणार आहे. यादीची पहिली खूण आली, त्या क्षणी अ‍ॅपकडे असलेला मजकूर असा असतो :

```
पीपीएफचे फायदे असे
-
```

मार्कडाउनच्या नियमानुसार ओळीखाली आडवी रेघ आली, की वरची ओळ मथळा ठरते, आणि त्यासाठी एकच `-` पुरेशी असते. त्यामुळे ही साधी ओळ अचानक मोठ्या अक्षरांत दिसते. पुढच्या टोकनला `- करसवलत` असे पूर्ण झाले, की ती यादी असल्याचे कळते आणि ओळ पुन्हा लहान होते. वाचणाऱ्याला पडदा उडी मारल्यासारखा वाटतो. यादीआधी एक रिकामी ओळ असेल, तर हा घोळ होत नाही.

तक्त्याची गोष्टही तशीच आहे. `| मुद्दा | पीपीएफ | मुदत ठेव |` ही पहिली ओळ एकटी असेपर्यंत साधा परिच्छेदच असते. तिच्याखाली `|---|---|---|` ही ओळ तेवढ्याच रकान्यांसह आली, की मगच तिचा तक्ता होतो. तोवर रेघा तशाच दिसतात.

मराठीत याशिवाय वेगळी अडचण आहे का?

आहे. इंटरनेटवर मजकूर बाइटच्या रूपात जातो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षि’ हे एकच अक्षर दिसत असले, तरी ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटचे असते. पाठवताना तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुटला आणि अ‍ॅपने तो तसाच वाचला, तर `�` असे चिन्ह उमटते. यावर उपाय सोपा आहे. अपुरे बाइट बाजूला ठेवायचे आणि उरलेले आले की जोडून वाचायचे. मात्र फक्त इंग्रजीत चाचणी झालेल्या अ‍ॅपमध्ये हा दोष लक्षातच येत नाही.

मग पूर्ण उत्तर पाठवणे बरे का?

काही बाबतीत नक्कीच. सगळा मजकूर हातात असल्याने पाठवण्याआधी तो तपासता आणि बदलता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक अक्षरांसाठी एकच `*` लागतो आणि मार्कडाउनचे तक्ते तिथे दिसत नाहीत. मधला प्रोग्राम दोन ताऱ्यांचा एक करू शकतो आणि तक्त्यातील प्रत्येक ओळीचे ‘कालावधी : पीपीएफ १५ वर्षे, मुदत ठेव साधारण ७ दिवस ते १० वर्षे’ असे साधे वाक्य करू शकतो. हे केले नाही, तर वेबपानासाठी लिहिलेल्या खुणा फोनवर कचऱ्यासारख्या दिसतात. मॉडेलला आपले उत्तर कुठे आणि कसे पोहोचणार हे आपोआप कळत नाही. ते सांगण्याची किंवा मजकूर बदलून घेण्याची जबाबदारी सेवा बनवणाऱ्याची असते.

पूर्ण उत्तरातही एक खाच आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक सेवेत एका मजकूर संदेशाला ४०९६ अक्षरांची मर्यादा असते. मोठे उत्तर मोजून तोडले आणि ठळक भागाची सुरुवात एका संदेशात व शेवट दुसऱ्यात गेला, तर दोन्हीकडे सुटा तारा उरतो. म्हणून ते परिच्छेद संपतो तिथे तोडावे लागते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

पडद्याची उडी त्रासदायक असते, पण ती दिसते. न दिसणारी चूक जास्त महागात पडते. नेटवर्क गेले किंवा ठरवून दिलेली लांबी संपली, की उत्तर मध्येच थांबते. परिच्छेद तुटला तर कळते, कारण मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते आणि त्याविना वाक्य लटकते. तक्त्यात मात्र क्रियापदच नसते. पीपीएफच्या तुलनेत कालावधी आणि करसवलतीच्या ओळी आल्या, आणि ‘मुदतीआधी पैसे काढणे’ ही शेवटची ओळ येण्याआधी उत्तर थांबले, तरी तक्ता नीटनेटका आणि पूर्णच दिसतो. पीपीएफमधून १५ वर्षांआधी हवे तेव्हा सगळे पैसे काढता येत नाहीत, ही निर्णय बदलू शकणारी माहिती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

उत्तर पुरे झाले की लांबीमुळे थांबले, याची नोंद बहुतेक सेवा शेवटी अ‍ॅपला देतात. अचानक जोडणी तुटली, तर ही नोंद येतच नाही, आणि तीही एक खूणच असते. पूर्ण उत्तर पाठवणाऱ्या प्रोग्रामला ती आधी पाहून उत्तर रोखता येते. स्ट्रीमिंगमध्ये मजकूर वाचून झालेला असतो, त्यामुळे ‘उत्तर अपूर्ण आहे’ अशी ठळक सूचना खाली दाखवणे एवढेच हाती उरते. अशी सूचना नसलेल्या अ‍ॅपमध्ये तक्त्यानंतर समारोपाचे एकही वाक्य आले नसेल, तर उर्वरित उत्तर पुन्हा मागवणे शहाणपणाचे.