संशय पुन्हा पुन्हा त्यांच्यावरच

अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या एका विद्यापीठात ऑनलाइन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला २०२३ साली एका असाइनमेंटमध्ये शून्य गुण मिळाले. मजकूर एआयने लिहिलेला आहे, असा निर्वाळा डिटेक्टरने दिला होता. ही विद्यार्थिनी ऑटिस्टिक आहे. आपले लिखाण साचेबद्ध वाटू शकते, हे तिने प्राध्यापकांना सांगितले आणि अखेर गुण बदलले गेले. सोबत ताकीदही मिळाली : पुन्हा असा शेरा आला, तर ते वाङ्मयचौर्य मानले जाईल. ‘ब्लूमबर्ग’ने २०२४ साली हे प्रकरण समोर आणले. त्यातली ती ताकीद आम्हाला शून्य गुणांपेक्षा गंभीर वाटते. पुढचा निबंधही ती त्याच पद्धतीने लिहिणार, कारण तिची लिहिण्याची पद्धतच ती आहे.

डिटेक्टर काय मोजतो, हे पाहिले म्हणजे यातला अन्याय कळतो. मजकूर कोणी लिहिला, हे त्याला माहीत नसते. अशी बरीच साधने मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. पहिली, पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. ‘सूर्य पूर्वेला’ या शब्दांनंतर ‘उगवतो’ येणार हे कोणीही सांगेल. असे अपेक्षित शब्द जितके जास्त, तितका संशय अधिक. दुसरी, वाक्यांची लांबी आणि घडण किती बदलते. सारखी वाक्ये एकामागून एक आली की संशय आणखी वाढतो.

आता डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचे लिहिणे पाहा. बोलताना त्याच्याकडे शब्द भरपूर असतात, पण ज्याचे स्पेलिंग जमेल तोच शब्द तो कागदावर उतरवतो. अशा मुलांची लेखी शब्दसंपत्ती त्यांच्या बोलण्यापेक्षा तोकडी राहते, असे ब्रिटनमधल्या संशोधनातही दिसले आहे. विशेष शिक्षक त्याला वाक्यांचे ठरलेले साचे देतात आणि त्यांच्या आधारानेच तो परिच्छेद पुरा करतो. त्याच्या कच्च्या खर्ड्यातल्या चुका कोणत्याही यंत्राला अनपेक्षितच वाटल्या असत्या. पण त्या स्पेलचेकर पुसून टाकतो आणि उरतो तो साध्या, ओळखीच्या शब्दांचा स्वच्छ मजकूर. व्याकरण सुधारणाऱ्या साधनाने वाक्येही बदलून दिली, तर तो यंत्राच्या भाषेच्या आणखी जवळ जातो. शब्दशः लिहिणाऱ्या ऑटिस्टिक विद्यार्थ्याची वाट वेगळी असते. एका गोष्टीला प्रत्येक वेळी तोच शब्द वापरणे त्याला अचूक वाटते. तो समानार्थी शब्द शोधत नाही, वाक्प्रचार टाळतो. डिटेक्टरच्या हिशेबात मात्र दोघांचे लिखाण एकाच रकान्यात पडते.

हे नुसते तर्क नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी चुकून एआयचे ठरवले. तेच निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त शब्दांनी सजवून घेतल्यावर हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले. म्हणजे जो मजकूर खरोखरच यंत्राच्या हातून गेला होता, तो माणसाचा ठरला! हा प्रयोग डिस्लेक्सियावर नव्हता, पण मर्यादित शब्दांची शिक्षा त्यातून स्पष्ट दिसते. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनाही ती लागू पडते.

डिटेक्टर बनवणाऱ्या कंपन्या म्हणतात, चूक शंभरात एखादीच होते. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हाच दर आपल्या वर्षाच्या ७५ हजार निबंधांना लावून पाहिला, तेव्हा ७५० निबंधांवर खोटा ठपका बसू शकला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यापीठाने आपल्याकडचा डिटेक्टर बंद केला. पण एक टक्का ही सरासरी आहे, आणि ती सर्व विद्यार्थ्यांत सारखी वाटली जात नाही. ज्याची शैली यंत्राला खटकते, त्याच्यावर पहिल्या निबंधात ठपका येतो, दुसऱ्यात येतो, तिसऱ्यातही येतो. प्राध्यापकांना वाटते, तीन वेळा सापडला म्हणजे दोषीच. वास्तविक हे तीन पुरावे नव्हेत. एकाच कारणाने झालेली एकच चूक तीनदा मोजली गेली आहे.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांना जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. हीच मुले पुढे महाविद्यालयात जातात. तिथे डिटेक्टरच्या टक्केवारीवरून कारवाई सुरूच होऊ नये, असा नियम विद्यापीठांनी आताच करावा. शंका आलीच, तर खर्ड्यांचा इतिहास पाहावा आणि त्याच विद्यार्थ्याचे वर्गात हाताने लिहिलेले किंवा २०२२ पूर्वीचे लिखाण शेजारी ठेवावे. तोंडी विचारायचे असेल, तर प्रश्न आधी लिहून द्यावेत आणि उत्तराला वेळ द्यावा. घाईने विचारलेल्या प्रश्नापुढे अडखळणे हा या मुलांच्या बाबतीत पुरावा धरता येत नाही. आणि आधी चुकीचा ठरलेला शेरा पुढच्या चौकशीच्या फाइलमध्ये जोडला जाऊ नये.