शेवटचा आकडा म्हणजे साहेबांचे मत नव्हे

केंद्रीय खात्यात नोकरीला असलेल्या एखाद्याच्या हाती वार्षिक अहवाल, म्हणजे एपीएआर, पडतो आणि त्यातले आकडे जुळत नाहीत. अशा वेळी घरचे आणि सहकारी एकच सल्ला देतात: ‘दशांशाचा फरक आहे, सोडून दे. साहेबांनी विचार करूनच आकडा टाकला असणार.’ हा सल्ला चुकीचा आहे.

पहिला मुद्दा फरक किरकोळ असण्याचा. या अहवालात कामाच्या निष्पत्तीला 40 टक्के, वैयक्तिक गुणांना 30 आणि कार्यक्षमतेला 30 टक्के वेटेज असते. 8 ते 10 गुण म्हणजे ‘उत्कृष्ट’, 6 ते 8 च्या आत ‘अति उत्तम’. समजा, तीन गटांची सरासरी अनुक्रमे 9, 7 आणि 7.8 आहे आणि खाली अंतिम गुण 7.84 लिहिले आहेत. हिशेब करून पाहा: 3.6 अधिक 2.1 अधिक 2.34, म्हणजे 8.04. दोन दशांशांनी शेराच बदलला, आणि हाच शेरा पुढे पदोन्नतीच्या वेळी पाहिला जातो.

दुसरा मुद्दा साहेबांच्या मताचा. मत गटांतल्या गुणांत असते. अंतिम आकडा त्यांतून नियमाने निघतो. अधिकाऱ्याला माणूस कमी वाटत असेल, तर त्याने गटातले गुण कमी द्यावेत. वर एक आणि खाली दुसरे, हे मत नव्हे, विसंगती आहे.

म्हणून तपासणी क्रमानेच करावी. आधी वेटेजची बेरीज 100 येते का ते पाहावे. मग प्रत्येक गटाची सरासरी स्वतः काढावी: 8, 8, 8, 8, 7 असतील तर 7.8. प्रतिवेदन अधिकाऱ्याचे आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याचे रकाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत. शेवटी, छापलेला आकडा कोणत्या चुकीने येतो ते शोधावे. वरच्या उदाहरणात तीन गटांची साधी सरासरी घेतली तर 7.93 येते, म्हणजे ती चूक नव्हे. पण 40 आणि 30 ची अदलाबदल करून पाहा: 2.7, 2.8 आणि 2.34, बेरीज बरोबर 7.84. पहिल्या दोन गटांची वेटेज उलटी लागली असावीत, असा ठोस अंदाज आता हाती आला. चूक अशी नाव घेऊन दाखवली की तिच्यावर वाद उरत नाही. मात्र आकडा जुळवण्यासाठी गटातले गुण खोडून बदलणे हा इलाज नव्हे. तो मूळ नोंदीलाच हात लावणे आहे.

या पडताळणीला मर्यादा आहे. 7 गुण न्याय्य होते का, हे गणित सांगत नाही. तो वेगळा आक्षेप, वेगळ्या पुराव्यांनी मांडावा. दोन्ही एकत्र केले की गणिताची निर्विवाद बाजूही वादग्रस्त ठरते.

2008 साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवणे बंधनकारक ठरवले. 2009 च्या केंद्रीय आदेशाने संपूर्ण अहवाल दाखवून निवेदनासाठी 15 दिवस दिले. त्या मुदतीत गुणाकाराच्या तीन ओळी लिहून देणे म्हणजे साहेबांचा अवमान नव्हे; त्यांनीच दिलेल्या गुणांचा मान राखणे आहे.