विहिरीची पाळीही मृत्युपत्रात लिहा

नालासोपारा पश्चिमेला सोपारा, निर्मळ, वाघोली या भागात अजून ज्यांची वाडी आणि भातशेती शाबूत आहे, त्यांना ही विनंती आहे. मृत्युपत्र करायला वकीलच हवा असे नाही, स्टॅम्प पेपरही लागत नाही. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्र चालते. पण ‘माझी सर्व जमीन मुलांना समान’ एवढेच लिहून ठेवलेत, तर तुमच्यामागे भांडण उभे राहील आणि ते बहुधा पाण्यावरून आणि वाटेवरून असेल.

आधी एक गोष्ट तपासा: जमीन तुमची एकट्याची आहे का? सातबाऱ्यावर एकट्याचे नाव असले म्हणजे ती पूर्ण तुमची झाली, असे नाही. हिंदू कुटुंबाची वडिलोपार्जित एकत्र मिळकत असेल, तर त्यात मुलग्यांइतकाच मुलीचाही जन्मापासून हक्क आहे. महाराष्ट्राने तो 1994 साली दिला, केंद्राने 2005 साली. 2005 चा कायदा लागू झाला तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. अशा जमिनीत तुम्हाला फक्त स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. घरात तुम्ही, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असाल, तर तुमचा हिस्सा साधारण एक पंचमांश धरला जातो. म्हणजे 60 गुंठ्यांपैकी 12 गुंठ्यांबद्दलच तुमचा शब्द चालेल. तुम्ही स्वतः विकत घेतलेली जमीन मात्र तुमच्या मर्जीने वाटता येते. ख्रिस्ती शेतकऱ्यांना हा जन्मसिद्ध हिश्श्याचा नियम लागू नाही. मुस्लिम कुटुंबात वारसाला मृत्युपत्राने द्यायचे असेल, तर इतर वारसांची संमती लागते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने स्वतः घेतलेली 70 गुंठे जमीन आहे. रस्त्याला लागून 30 गुंठ्यांची वाडी, त्यात नारळ, चिकू आणि केळी. वाडीच्या मागे 20-20 गुंठ्यांची दोन शेते, दोन्हींचे हिस्सा नंबर वेगळे. पावसाळ्यात भात, नंतर भाजी. विहीर वाडीत आहे आणि मागच्या शेतांना पाणी तिथूनच जाते. थोरला मुलगा वाडी पाहतो, धाकटा नोकरीला जातो, मुलगी लग्न होऊन विरारला आहे. वाडी थोरल्याला, एक शेत धाकट्याला, दुसरे मुलीला, अशी वाटणी सरळ दिसते. पण एवढेच लिहिले तर विहीर वाडीबरोबर थोरल्याकडे जाते. मागच्या दोन शेतांना पाणी नाही आणि पाय ठेवायला वाटही नाही. थोरल्याने वाडी विकली, तर विकत घेणारा नवा मालक तर ओळख दाखवणार नाही.

म्हणून विहिरीचे कलम स्वतंत्र लिहा. ते असे असू शकते:

‘वाडीतील विहीर, तिच्या चारही बाजूंची दहा फूट जागा आणि पंपघर माझ्या तिन्ही मुलांचे सामाईक राहील, प्रत्येकी एक तृतीयांश. या जागेची वाटणी कोणी मागू नये. सोमवार ते बुधवार पाणी वाडीला, गुरुवार-शुक्रवार धाकट्याच्या शेताला, शनिवार-रविवार मुलीच्या शेताला. विजेचे बिल पाळीच्या दिवसांप्रमाणे, म्हणजे तीन, दोन, दोन या प्रमाणात भरावे. पंपाची दुरुस्ती आणि विहिरीतला गाळ काढण्याचा खर्च तिघांनी सारखा करावा. रस्त्यापासून विहिरीपर्यंत आणि तिथून मागच्या दोन्ही शेतांपर्यंत दहा फूट रुंद वाट व पाइपलाइन राहील. वाडी विकली तरी हे हक्क कायम राहतील.’

वाडीला एक दिवस जास्त दिला, कारण उन्हाळ्यात केळी आणि चिकूला पाणी तोडून चालत नाही. तुमच्या पिकाप्रमाणे दिवस बदला. विजेची जोडणी वडिलांच्या नावावर असते, ती पुढे कोणाच्या नावावर करायची, तेही लिहा.

जमिनीचे वर्णन ताज्या सातबाऱ्यावरून उतरवा: गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चारही बाजूंना कोणाची जमीन आहे ते. ‘मागचे शेत’ हे तुम्हाला कळते, तलाठ्याला नाही. एकाच हिस्सा नंबरचे दोन तुकडे करायचे असतील, तर आधी मोजणी करून नकाशा जोडा आणि तुकडेबंदीच्या नियमात ते बसते का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. सातबाऱ्यावर कुळकायद्याचा शेरा असेल, तर त्याचीही चौकशी तिथेच करा.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आज शेत असलेली जमीन उद्या रस्त्यात जाते किंवा विकली जाते. मृत्युपत्र केल्यानंतर धाकट्याचे शेत विकले गेले, तर तुमच्या मृत्यूच्या वेळी ते तुमचे नसल्याने धाकट्याला त्या कलमातून काहीच मिळत नाही. म्हणून लिहा की, शेत विकले वा संपादित झाले तर त्याचा शिल्लक मोबदला ज्याच्या वाट्याला ते शेत होते, त्यालाच मिळावा. पत्नीला हयातभर घरात राहण्याचा हक्क द्या. मृत्युपत्रात न लिहिलेली मिळकत कोणाला जाईल, हेही शेवटी एका वाक्यात सांगा.

मुलीला कमी द्यायचे असेल, तर कारण लिहा. एखाद्या मुलाला कारणाशिवाय डावलले आणि ज्याला जास्त मिळाले त्यानेच सगळी धावपळ केली, की न्यायालय अशा मृत्युपत्राकडे संशयाने पाहते. तुमच्या हयातीतच तिच्याकडून ‘माझा वारसाहक्क सोडला’ असे लिहून घेणे निरुपयोगी आहे. वारसा म्हणून पुढे मिळेल अशी नुसती आशा असते, ती सोडून देण्याचा दस्त टिकत नाही.

सही दोन साक्षीदारांसमोर करा आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करावी. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात सांगावे लागते की सही त्याच्यासमोर झाली. ज्याला काही मिळणार आहे तो, त्याची बायको किंवा जावई साक्षीदार नको. ख्रिस्ती कुटुंबात जावयाने साक्षीदार म्हणून सही केली, तर मुलीला दिलेला वाटाच रद्द होतो. प्रकृती नाजूक असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती कराच. मूळ प्रत हरवली किंवा कोणी दडवली, तरी नोंद राहते. पुढे मन बदलले तर जुन्यावर खाडाखोड करू नका. नवे मृत्युपत्र करून त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहा.

मूळ प्रत कुठे आहे, हे तिन्ही मुलांना सांगून ठेवा. तुमच्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांनी मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी जायचे आहे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी 15 दिवस असतात. विहीर आणि वाट मृत्युपत्रात आलेली असेल, तर त्यांची सामाईक नोंदही त्याच वेळी मागा. ती सातबाऱ्यावर चढली, की पुढे वाडी विकत घेणाऱ्याला आधीच कळेल, हे पाणी एकट्या वाडीचे नाही.